टाळीनंतरच्या तीन फ्रेम

माझा धंदा कानांचा. शूटिंगला नवरा चित्र घेतो आणि मी आवाज. तो एक डोळा मिटून कॅमेऱ्यामागे उभा असतो, मी हेडफोन चढवून रेकॉर्डरपाशी बसलेली असते, आणि त्यामुळे दिवसभर आमचं एकमेकांशी बोलणं होत नाही. संसार टिकला तो एवढ्यामुळेच, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या.

छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत मास्तर बसायचे. मास्तर म्हणजे आमचे संकलक, साठीला टेकलेले, शिंक आली तरी आधी काम सेव्ह करून मग शिंकणारे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी माझी नणंद, चिमी. वय छत्तीस, पण घरातल्या धाकट्या माणसाचं नाव काही मोठं होत नाही.

चिमी पाच वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि त्यात तिचं ऐकू येणं गेलं. ती ओठ वाचते. बोलतेही, आवाज जरा सपाट, पण आम्हाला सगळं कळतं. तिच्याकडे तोंड करून बोललं की झालं. फक्त नवऱ्याची मिशी ओठांवर उतरायला लागली की ती काही न बोलता त्याच्यापुढे कात्री आणून ठेवते. चहाच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर कोण कोणाला काय म्हणतंय ते ती आम्हाला सांगते, आणि मी "असं चोरून वाचू नये" म्हणत पुढे काय झालं ते विचारते.

आमच्याकडे तिचं काम म्हणजे आलेल्या फायलींना नावं देणं, त्या लावून ठेवणं आणि सबटायटल्स लिहिणं. आवाजाशी संबंध येईल असं काम आम्ही तिला कधी दिलं नाही, तिनेही मागितलं नाही. त्यात कोणाची दुष्टाई नव्हती. मासा झाडावर चढत नाही इतकं ते आम्हाला उघड वाटायचं.

हॉस्पिटलचं काम आलं तेव्हा आम्ही सगळेच खूश होतो. तिथल्या मेट्रन चौतीस वर्षांनी निवृत्त होत होत्या. त्यांना न कळवता नर्सेसनी स्वतःच एक गाणं रचलं होतं, चाल लावली होती, आणि चाळीस जणी मिळून ते गाणार होत्या. त्याची फिल्म शनिवारी चार वाजता, निरोपाच्या कार्यक्रमात दाखवायची.

शूटिंग गुरुवारी सकाळी झालं. रात्रपाळी सुटायची आणि दिवसपाळी लागायची या मधली वीस मिनिटं, तेवढाच वेळ. दोन इमारतींच्या मधल्या अंगणात, रुंद पायऱ्यांवर त्या उभ्या राहिल्या. एक कॅमेरा नवऱ्याने त्यांच्यासमोर अंगणात लावला. दुसरा समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात उभा करून चालू ठेवला. त्यात सगळ्या जणी, अंगण, आम्ही, सगळंच दिसत होतं. माझा रेकॉर्डर गाणाऱ्यांच्या पुढ्यात. शिवाय कडवी एकटीने म्हणणारी एक उंच सिस्टर होती, तिच्या कॉलरला मी छोटा माईक लावला.

कॅमेऱ्यातला स्वतःचा माईक लांब असतो, त्यात वारा, पंखे, कावळे सगळं येतं. म्हणून चांगला आवाज वेगळा घ्यायचा आणि नंतर एडिटिंगमध्ये चित्राला जोडायचा. ती जोडणी सोपी जावी म्हणून सुरुवातीला टाळी. चित्रात दोन तळवे भेटतात ती फ्रेम शोधायची, आवाजाच्या आलेखात सुईसारखं उभं टोक दिसतं ते शोधायचं, आणि दोन्ही एकाखाली एक आणून ठेवायची. तेवढं जमलं की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं. टाळीची पाटी त्या दिवशी घरी राहिली होती. मी माईकजवळ उभी राहिले, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि अशी टाळी वाजवली की पायऱ्यांवरची पहिली रांग दचकली.

गाणं एकदाच झालं, पण काय झालं. मी हेडफोनमध्ये ऐकत होते आणि माझं रेकॉर्डरच्या काट्याकडे लक्ष राहीना. मध्ये नवऱ्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. त्याने चटकन बदलली आणि पुन्हा चालू केलं. गाणं थांबवता येण्यासारखं नव्हतं, आणि संपल्यावर त्या वाऱ्यासारख्या आपापल्या वॉर्डात निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी मास्तरांचा फोन आला. त्यांच्या मुलीला जुळं झालं होतं, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी. ते स्टेशनवरूनच बोलत होते.

"दोन्ही मुलीच," मास्तर म्हणाले. "मी काही येत नाही. तुमचं तुम्ही बघा."

"कसं बघू?" नवऱ्याने विचारलं.

"बटण दाबायचं. प्रोग्रॅम आवाजावरून जुळवून देतो." आणि फोन ठेवला.

नवऱ्याने बटण दाबलं. हे बटण म्हणजे असं की कॅमेऱ्यातला ओबडधोबड आवाज आणि माझ्या रेकॉर्डरमधला चांगला आवाज, दोघांचे आलेख प्रोग्रॅम एकमेकांवर सरकवून पाहतो, आणि चढउतार जिथे जुळतील तिथे चिकटवतो. वरच्या व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र लगेच बसलं. खालच्या कॅमेऱ्याच्या दोन्ही फायली मात्र तशाच बाजूला पडून राहिल्या. उघडून पाहिलं तर आवाजाच्या जागी सरळ सपाट रेघ.

"कॅमेरा बिघडला," नवरा म्हणाला.

"कॅमेऱ्याला तू बाहेरचा माईक जोडला होतास ना? त्याचं बटण चालू केलं होतंस?"

त्याने जीभ चावली. बाहेरचा माईक खुपसला की आतला बंद होतो, आणि बाहेरचा हे महाशय चालू करायला विसरले होते. म्हणजे अख्ख्या गाण्यात त्या कॅमेऱ्याने चकार शब्द ऐकला नव्हता.

"पहिल्या फायलीत तुझी टाळी दिसतेय," तो म्हणाला. "ती हाताने लावतो."

त्याने लावली. तळवे भेटले ती फ्रेम, खाली माझ्या रेकॉर्डरचं टोक. चालवून पाहिलं, अगदी बरोबर. मग तो खालच्या कॅमेऱ्यावरून वरच्या कॅमेऱ्यावर गेला, पुन्हा खाली आला, आणि मला खटकायला लागलं. खालचं चित्र असताना गाणं तोंडातून निघत होतं. वरचं आलं की ते नुसतं तोंडामागून चालत होतं.

"वरचं ढिलं आहे," मी म्हणाले.

"ते प्रोग्रॅमने जुळवलंय. दोन आलेख बघ, केसाचाही फरक नाही."

खरंच नव्हता. चढाला चढ, उताराला उतार. मी पुन्हा ऐकलं, पुन्हा खटकलं, आणि आपलंच वय झालं की काय अशी शंका यायला लागली.

चिमी गाण्याचे शब्द सबटायटल्ससाठी विचारायला आत आली होती. ती आमच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. तिने नवऱ्याच्या खांद्यावर बोट टोचलं.

"वरचं चुकलंय," ती म्हणाली.

नवरा तिच्याकडे वळला. "चिमे, आवाज जुळलेत. प्रोग्रॅम सांगतोय."

"आवाज आवाजाशी जुळलाय. चित्र नाही जुळलं."

तिने माउस घेतला. टाळीपाशी गेली, वरच्या कॅमेऱ्याचं चित्र मोठं केलं. अंगणात करंगळीएवढी मी, हात डोक्यावर. तिने एकेक फ्रेम पुढे नेली. हात जवळ आले, आणखी जवळ आले, तळवे भेटले. खाली आलेखात त्या जागी काहीच नव्हतं. तिने बटण दाबलं, एक. पुन्हा, दोन. पुन्हा, तीन. आता सुईचं टोक आलं, आणि चित्रातली मी हात खाली आणायला लागलेसुद्धा होते.

"टाळी वाजते आणि तीन फ्रेमनंतर आवाज येतो," चिमी म्हणाली. "कॅमेरा लांब होता?"

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. शाळेत शिकलेलं कधी कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर चालतो. आमचं चित्र सेकंदाला पंचवीस फ्रेमचं. म्हणजे एका फ्रेमच्या वेळात आवाज जेमतेम साडेतेरा मीटर पुढे जातो. तीन फ्रेम म्हणजे चाळीस मीटर. टाळी माझ्याजवळच्या माईकने लगेच ऐकली, पण वरच्या कॅमेऱ्यापर्यंत ती अंगण ओलांडून तिसऱ्या मजल्यावर चढत गेली, आणि प्रोग्रॅमने त्या उशिरा पोचलेल्या आवाजाशी माझा आवाज नेऊन जुळवला. तो बिचारा आवाजच बघतो. तळव्यांशी त्याला काय देणंघेणं?

"चाळीस मीटर असेल?" मी विचारलं.

"वरच्या कॅमेऱ्यापर्यंत चाळीस मीटरची केबल पुरली नव्हती मला," नवरा म्हणाला. "हातभर कमी पडली."

चिमीने वरचं चित्र तीन फ्रेम पुढे सरकवलं, टोकाखाली तळवे आणून ठेवले आणि कॅमेऱ्याचा आवाज बंद करून टाकला. मी चालवलं. गाणं तोंडात परत गेलं. मला इतकं हसू आलं की मी तिच्या पाठीत धपाटाच घातला.

"तू हे आधी का नाही सांगितलंस?" नवऱ्याने विचारलं.

"आधी मला कोणी दाखवलंय कुठे?" चिमी म्हणाली. "मी आपली फायलींना नावं देते."

नवरा खुर्चीवरून उठला आणि तिला बसवलं.

आता राहिली बॅटरी बदलल्यानंतरची दुसरी फाईल. तिला आवाज नाही आणि टाळीही नाही. आणि सगळ्यात सुंदर चेहरे नेमके त्यातच, कारण तोवर नवऱ्याचा हात बसला होता आणि तो उंच सिस्टरच्या जवळ गेला होता.

चिमीने माझ्याकडून गाण्याचे शब्द लिहून घेतले. धृपद असं होतं:

पडदा सार बाई, पहाट झाली,
पाय टेक खाली, भीती पळाली.

तिने ते वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "कोणी लिहिलंय हे? किती चांगलं लिहिलंय. सगळे प आहेत."

मला काही कळेना. तिने टेबलावरचा कागद फाडून एक पट्टी केली आणि माझ्या तोंडासमोर धरली. "प म्हण." मी म्हटलं, पट्टी उडाली. "म म्हण." पट्टी जागची हलली नाही. सासूबाईंनी तिला असंच बोलायला शिकवलं होतं, रोज सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून, कागदाची पट्टी तोंडासमोर धरून. प ला ओठ घट्ट मिटतात, आत हवा अडते, आणि ओठ उघडले की ती एकदम फुटते. हे तिला माहीत होतं. तीच गोष्ट आलेखात कशी दिसत असेल एवढंच तिला बघायचं होतं.

मी कॉलरच्या माईकचा आवाज वेगळा काढून दिला आणि आलेख मोठा केला. आणि खरंच, प्रत्येक प च्या आधी इवलीशी शांतता, रेघ खाली बसलेली, आणि मग एकदम उसळी. वीस वर्षं मी आवाज घेतेय. प ला असं तोंड असतं हे मी कधी बघितलं नव्हतं. मी आपली ऐकत होते.

चिमीने चित्रातले मिटलेले ओठ शोधले. पडदा, पहाट. ओठ उघडले ती फ्रेम उसळीखाली ठेवली. दोन्ही बसले. आम्ही दोघं टाळ्या वाजवणार इतक्यात तिने हात वर केला.

"पाय बसत नाही."

तिसरा प सहा फ्रेम मागे राहिला, चौथा तर कुठच्या कुठे. तिने पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "दोन बसले ना, बाकी काप आणि सरकव." चिमीने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा करायला निघून गेला.

"वहिनी, धृपद किती वेळा आहे?"

"तीनदा."

"मग मी चुकीच्या धृपदावर बसवलंय. तीच ओळ आहे, पण ते तोंड हे नाही. माणूस एकच ओळ दोनदा सारखी म्हणत नाही."

तिन्ही धृपदं एकेक करून लावून पाहता आली असती, पण तिने दुसरीच वाट काढली. वरच्या कॅमेऱ्याचं चित्र आता बिनचूक बसलं होतं, आणि त्या चित्रात अंगणातला नवराही दिसत होता. तिने ते पुढे पुढे नेलं. नवरा वाकला, खिसे चाचपले, एकदा चुकीच्या खिशात हात घातला, बॅटरी काढली, घातली, आणि सरळ उभा राहिला. तिथे तिने खूण केली. दुसरी फाईल त्या सुमाराला सुरू झाली असणार. फाईल तिने त्या खुणेपाशी नेली, तर तिच्यातल्या धृपदाखाली आवाजातलं शेवटचं, तिसरं धृपद आलं. मग पुन्हा ओठ आणि उसळी. चार फ्रेम इकडे, एक तिकडे. पडदा बसला. पहाट बसली. पाय बसला. पळाली बसली. तिने शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन तिथलाही एक प तपासला, तोही बसला.

नवरा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. मी चालवलं. उंच सिस्टर गायला लागली, आणि कालचा तो क्षण, मी हेडफोनमध्ये ऐकलेला आणि नवऱ्याने काचेतून बघितलेला, पहिल्यांदा आम्हा दोघांना एकत्र दिसला आणि ऐकू आला. मला रडू आलं. चिमी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बरोबर आहे?" तिने विचारलं.

मला एक खोडी सुचली. तिला चहा घ्यायला वळू दिलं आणि ते चित्र हळूच दोन फ्रेम सरकवून पुन्हा चालवलं. तिने एक घोट घेतला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हात लावू नकोस, वहिनी."

शनिवारी हॉस्पिटलच्या जेवणघरात टेबलं भिंतीला लावून पडदा टांगला होता. मेट्रन पहिल्या रांगेत, बारीक चणीच्या, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. त्यांना वाटत होतं भाषणं होतील. पडद्यावर अंगण दिसलं, मग मी टाळी वाजवताना दिसले. ती काढून टाकायची असते, पण चिमीने मुद्दाम ठेवली होती. पूर्ण जेवणघर हसलं. मग गाणं सुरू झालं.

मेट्रन पहिलं कडवं संपेपर्यंत हलल्या नाहीत. दुसऱ्याला पर्स खाली घसरली, ती कोणी उचलली नाही. शेवटच्या धृपदाला मागच्या रांगेतली कोणीतरी गायला लागली, मग दुसरी, मग सगळ्याच. पडद्यावरच्या चाळीस जणी आणि खुर्च्यांवरच्या, त्याच बाया, दोन्हीकडून गात होत्या. चिमी भिंतीला टेकून, पडद्याकडे पाठ करून उभी होती आणि गाणाऱ्यांकडे बघत होती. नंतर तिने मला सांगितलं की सगळ्यांचे ओठ एकदम मिटत होते आणि एकदम उघडत होते, आणि पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटत होती. "मला वाटतं गाणं असंच असतं," ती म्हणाली. मी हो म्हटलं. मला तरी याहून वेगळं कुठे माहीत आहे?

कार्यक्रम संपल्यावर मेट्रन विचारत आल्या, हे जुळवलं कोणी. नवऱ्याने बहिणीकडे हात केला. ऐकू येत नाही हे त्याने सांगायच्या आधीच त्यांनी ते ओळखलं असावं, त्या तिच्या अगदी समोर येऊन, उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "माझ्या मुलींना मी रोज ओरडत आले. त्या इतकं छान गातात हे मला आज कळलं."

"त्या प फार चांगला म्हणतात," चिमी म्हणाली.

मेट्रनना ते किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

सोमवारी मास्तरांचा फोन आला. दोन्ही नाती रात्रभर आलटून पालटून रडतात, एक थांबली की दुसरी सुरू, म्हणून त्यांचा मुक्काम आता तीन महिने तरी हलत नाही. तोवर माझ्या खुर्चीवर कोणीतरी माणूस बघा, म्हणाले.

"माणूस मिळाला," नवरा म्हणाला.

"आवाजाचं कळतं ना त्याला?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तिला दिसतो," तो म्हणाला.

चिमीने खुर्ची घेतली, पण एक अट घालून. सबटायटल्स आता मी लिहायची. माझं शुद्धलेखन कसं आहे ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. आज सकाळीच मी चार ओळी लिहून दिल्या, तिने त्यातल्या नऊ चुका लाल केल्या आणि कागद परत माझ्या पुढ्यात ठेवला. मी बसले आहे दुरुस्त करत. आतल्या खोलीत नवरा टाळी वाजवून बघतोय, आणि ती त्याला हात अजून वर घ्यायला सांगतेय.